टिपणांचे परिच्छेद करताना: मुंबईच्या प्लेगवरील दहा टिपणांचे उदाहरण

टिपणे आणि परिच्छेद यांत फरक काय, असे विचारले तर पहिल्यांदाच प्रबंध लिहिणारे विद्यार्थी बहुधा सांगतात की टिपणे तुटक असतात आणि परिच्छेदात पूर्ण वाक्ये असतात. हे उत्तर अपुरे आहे. टिपण काढताना आपण एखादी गोष्ट उतरवून घेतो, पण तिचा शेजारच्या गोष्टीशी असलेला संबंध कागदावर येत नाही. तो त्या वेळी आपल्या डोक्यात असतो आणि दोन महिन्यांनी वही उघडावी तर विसरलेला असतो. म्हणून तुटक ओळींना क्रियापदे जोडल्याने परिच्छेद तयार होत नाही. सुटून गेलेला संबंध आधी शोधावा लागतो आणि मग तो वाक्यात मांडावा लागतो. हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते एका विषयावर प्रत्यक्ष करून पाहू.

विषय आहे मुंबईत १८९६ मध्ये सुरू झालेली प्लेगची साथ. वाचन संपल्यावर विद्यार्थ्याच्या वहीत पुढील टिपणे आहेत असे समजा. प्रत्येक टिपणापुढे ग्रंथाचे नाव आणि पृष्ठांक असणारच. येथे ते जागेअभावी गाळले आहेत, पण लिहिताना शेवटच्या मसुद्यापर्यंत ते टिपणाबरोबरच ठेवावेत.

१. १८९४ – हाँगकाँग – येर्सिन – प्लेगचा जिवाणू सापडला.
२. सप्टें. १८९६ – मांडवी – डॉ. अकासिओ व्हिएगस – रोग ओळखला.
३. ऑक्टो. १८९६ – पालिका – रोग्यांना सक्तीने रुग्णालयात. घरे-गटारे धुणे, जंतुनाशके.
४. ऑक्टो. १८९६ अखेर – गिरणी कामगारांचा जमाव – आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला.
५. हिवाळा १८९६-९७ – लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. गिरण्यांना मजूर मिळेनात.
६. १० जाने. १८९७ – हाफकिन – लस स्वतःला टोचून घेतली (ग्रँट मेडिकल कॉलेज).
७. ४ फेब्रु. १८९७ – साथरोग कायदा.
८. १८९८ – कराची – सिमाँ – उंदरांवरील पिसवांमार्फत प्रसार.
९. १८९८ – सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट – दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते.
१०. जनगणना, मुंबई शहर: १८९१ – ८,२१,७६४, १९०१ – ७,७६,००६.

या टिपणांवरून लिहिलेला पहिला मसुदा बहुतेक वेळा असा दिसतो:

“१८९४ मध्ये येर्सिन यांनी हाँगकाँग येथे प्लेगचा जिवाणू शोधला. तसेच सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी येथे डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. त्यानंतर पालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवले व गटारे धुतली. शिवाय गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्याचप्रमाणे १८९८ मध्ये सिमाँ यांनी पिसवांमार्फत होणारा प्रसार दाखवून दिला. त्यामुळे त्याच वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.”

व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नाही, आणि म्हणूनच हा मसुदा फसवा आहे. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘त्याचप्रमाणे’ या शब्दांनी वाक्ये एकामागोमाग ठेवली आहेत, पण त्यांच्यातील नाते कोठेही सांगितलेले नाही. शेवटच्या वाक्यात ‘त्यामुळे’ हा शब्द आला आहे आणि तो तर सरळ चुकीचे विधान करतो. सिमाँ यांच्या निष्कर्षामुळे ट्रस्ट स्थापन झाला नाही. उलट, शहराची घाण आणि गर्दी हेच रोगाचे मूळ आहे या जुन्या समजुतीवर ट्रस्टची योजना उभी होती. दोन टिपणांवर एकच साल होते, एवढ्याच कारणाने त्यांच्यात कार्यकारणभाव कल्पिला गेला.

पहिली पायरी: सालावरून नव्हे, प्रश्नावरून गट करा

टिपणे सालाच्या क्रमाने लावलेली असली की परिच्छेदही त्याच क्रमाने लिहावासा वाटतो. हा मोह टाळण्यासाठी प्रत्येक टिपण वेगळ्या चिठ्ठीवर उतरवावे आणि चिठ्ठीच्या कडेला, ते टिपण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, तो प्रश्न लिहावा. ‘प्लेगविषयी माहिती’ हा प्रश्न नव्हे. ‘पालिकेने हेच उपाय का निवडले?’, ‘लोकांनी त्या उपायांना विरोध का केला?’, ‘साथीमुळे शहराच्या लोकसंख्येवर काय परिणाम झाला?’ हे प्रश्न आहेत.

असे केल्यावर टिपणे १, ३, ८ आणि ९ पहिल्या प्रश्नाखाली येतात, ३, ४ आणि ७ दुसऱ्या प्रश्नाखाली, आणि ५ व १० तिसऱ्या प्रश्नाखाली. टिपण क्रमांक ३ दोन गटांत आले, यात काही वावगे नाही. त्याच्या एका अर्ध्यात धुलाई आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात सक्ती. पहिल्या परिच्छेदात धुलाई पुढे येईल आणि दुसऱ्यात सक्ती. टिपणे २ आणि ६ कोणत्याच गटात बसली नाहीत. ती फेकून देऊ नयेत. वेगळ्या पानावर ‘उरलेली’ म्हणून ठेवावीत. त्यांच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

दुसरी पायरी: दोन चिठ्ठ्यांच्या मधली जागा भरा

आता पहिला गट घ्या आणि चारही चिठ्ठ्या टेबलावर मांडा. शेजारच्या प्रत्येक जोडीमध्ये एक कोरा कागद ठेवून त्यावर, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे साध्या बोलीत एका वाक्यात लिहा. भाषेची काळजी येथे करू नका.

टिपण १ आणि ३ यांच्या मध्ये मी असे लिहीन: “जिवाणू माहीत झाला होता, पण तो पसरतो कसा हे माहीत नव्हते, मग जुन्याच समजुतीप्रमाणे धुलाई केली.” लिहून झाल्यावर लक्षात येते की ‘जुनी समजूत’ ही गोष्ट एकाही टिपणात नाही. टिपणे काढताना ती इतकी उघड वाटली होती की लिहून घेतली गेली नाही, पण तिच्यावाचून १ कडून ३ कडे जाता येत नाही. अशी जागा दिसली की पुन्हा ग्रंथाकडे जावे, आधार शोधावा आणि नवे टिपण करावे. माझ्या मते या साऱ्या कामातील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

टिपण ८ आणि ९ यांच्यातील संबंधही असाच लिहून काढावा: “खरे कारण १८९८ मध्ये दाखवले गेले, तरी ते लगेच मानले गेले नाही, म्हणून ट्रस्टने त्याच वर्षी जुनीच दिशा धरली.” हे वाक्य एकदा कागदावर आले की पहिल्या मसुद्यातील ‘त्यामुळे’ ही चूक होऊच शकत नाही, कारण येथे नाते ‘तरी’चे आहे.

तिसरी पायरी: परिच्छेदाचे मुख्य वाक्य

मुख्य वाक्य म्हणजे परिच्छेदाचे शीर्षक नव्हे. “आता आपण पालिकेच्या उपायांचा विचार करू” या वाक्यात काही सांगितलेलेच नाही. “पालिकेने प्लेग रोखण्यासाठी अनेक उपाय केले” या वाक्यात काहीतरी सांगितले आहे, पण त्यावर कोणी वाद घालणार नाही आणि पुढचे काहीही त्याखाली खपून जाईल. लसही आणि कायदाही. मुख्य वाक्य असे हवे की ते वाचल्यावर वाचकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहावा आणि उरलेल्या परिच्छेदाने त्याचेच उत्तर द्यावे.

ते मिळवण्याचा सोपा मार्ग असा आहे. दुसऱ्या पायरीत मधल्या कागदांवर लिहिलेली वाक्ये ओळीने वाचावीत आणि स्वतःला विचारावे की या सगळ्यांतून मिळून काय सिद्ध होते. येथे असे दिसते की उपायांचा रोख चुकीच्या ठिकाणी होता. मग वाक्य होते: “प्लेगच्या पहिल्या वर्षांत मुंबईत योजलेले उपाय रोगाच्या वाहकावर नव्हे, तर शहरातील घाण, गर्दी आणि खुद्द रोगी यांच्यावर रोखलेले होते.” हे वाचणारा लगेच विचारील, “असे का?” परिच्छेदाला पुढे कोठे जायचे ते आता ठरले.

चौथी पायरी: परिच्छेद लिहा

“प्लेगच्या पहिल्या वर्षांत मुंबईत योजलेले उपाय रोगाच्या वाहकावर नव्हे, तर शहरातील घाण, गर्दी आणि खुद्द रोगी यांच्यावर रोखलेले होते. रोगाचा जिवाणू येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँग येथे शोधून काढला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र १८९६ मध्ये निश्चितपणे सांगता येत नव्हते. ही उणीव जुन्या समजुतीने भरून काढली: ओल, कोंदट हवा आणि साचलेली घाण यांतून रोगराई उपजते आणि रोग्याच्या संसर्गाने ती फैलावते, असे मानले जात होते. म्हणून ऑक्टोबर १८९६ पासून पालिकेने घरे आणि गटारे जंतुनाशकांनी धुऊन काढण्यावर भर दिला आणि रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात असे सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, तरी त्यांचा निष्कर्ष लगेच स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा भरही दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यावरच होता.”

या परिच्छेदात जोडणीचे काम तीन प्रकारांनी झाले आहे, आणि तिन्ही मराठीच्या स्वभावातले आहेत.

पहिला प्रकार म्हणजे मागच्या वाक्यातील आशयाला नाव देऊन पुढचे वाक्य सुरू करणे. चौथ्या वाक्यात “यामुळे” किंवा “हे” असे मोघम सर्वनाम न वापरता “ही उणीव” असे म्हटले आहे. नुसते ‘यामुळे’ म्हटले की वाचकाला प्रश्न पडतो की कशामुळे, जिवाणू सापडल्यामुळे की मार्ग न कळल्यामुळे? नाम दिले की शंका राहत नाही. मात्र नाम निवडताना आपण मतही देत असतो, याचे भान ठेवावे. टिपण ५ विषयी लिहिताना “या स्थलांतरामुळे” आणि “या पळापळीमुळे” यांत घटना एकच आहे, पण दुसऱ्या शब्दात लोक घाबरून सैरावैरा निघाले असा निवाडा आहे आणि त्याला आधार द्यावा लागेल.

दुसरा प्रकार म्हणजे नेमके अव्यय. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ अनेकदा एकमेकांच्या जागी चालतात, तरी संशोधनपर लेखनात फरक राखलेला बरा. कोणी विचारपूर्वक कृती केली असेल, तर त्या कृतीमागील हेतू किंवा समज सांगायला ‘म्हणून’ योग्य; पालिकेने धुलाई केली ती एका समजुतीला धरून, म्हणून तेथे ‘म्हणून’ आहे. हेतूचा प्रश्न नसून परिणाम आपोआप घडला असेल, तर ‘त्यामुळे’ योग्य: मजूर गावी गेले, त्यामुळे गिरण्यांना माणसे मिळेनात. ‘त्यानंतर’ फक्त काळाचा क्रम सांगते. आधार नसताना ‘त्यानंतर’च्या जागी ‘त्यामुळे’ लिहिणे ही इतिहासाच्या प्रबंधांत मला सर्वाधिक आढळणारी चूक आहे. ‘मात्र’ आणि ‘तरी’ यांतही असाच भेद आहे. ‘मात्र’ दोन बाबींतील तफावत दाखवते, तर ‘तरी’ अपेक्षाभंग दाखवते. शोध लागला की तो स्वीकारला जाईल ही अपेक्षा होती, ती मोडली, म्हणून तेथे ‘तरी’.

तिसरा प्रकार सर्वांत लहान आणि बहुधा दुर्लक्षित आहे: ‘च’ आणि ‘ही’. “१८९४ मध्येच” यातील ‘च’ सांगतो की ज्ञान आधीपासून होते. “ट्रस्टचा भरही” यातील ‘ही’ ट्रस्टला पालिकेच्या रांगेत बसवतो आणि पूर्वीच्या वाक्याशी दुवा जोडतो. हे दोन प्रत्यय काढून परिच्छेद पुन्हा वाचा. मुख्य वाक्याकडे जाणारा धागा सैल झाल्याचे जाणवेल. अर्थात प्रत्येक वाक्यात ‘च’ आला तर कशावरच भर राहत नाही, म्हणून एका परिच्छेदात दोन-तीन पुरेत.

पाचवी पायरी: आकड्यांच्या टिपणांशी जपून

लोकसंख्येच्या गटाला वेगळी काळजी लागते. टिपण १० मधील दोन आकड्यांची वजाबाकी केली तर ४५,७५८ येते, आणि नवखा लेखक लिहून जातो की प्लेगमुळे मुंबईत सुमारे ४६ हजार माणसे दगावली. टिपण असे काहीही सांगत नाही. दहा वर्षांत शहरात जन्म झाले, बाहेरून माणसे आली, साथीच्या भीतीने बरीच गेलीही. शिवाय १९०१ ची जनगणना मार्चच्या आरंभी झाली, म्हणजे प्लेग जोरात असण्याच्या हंगामात, जेव्हा बाहेर गेलेले लोक परतलेले नसणे स्वाभाविक होते. वजाबाकीत हे सारे मिसळलेले आहे. म्हणून मुख्य वाक्य आकड्याला पेलेल एवढेच असावे: “१८९१ ते १९०१ या दशकात मुंबईची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि या घटीत मृत्यूंइतकेच शहर सोडून जाणाऱ्यांकडेही पाहावे लागते.” त्यापुढे दोन्ही आकडे यावेत, मग टिपण ५ मधील स्थलांतर, आणि शेवटी जनगणनेच्या महिन्याविषयीचा खुलासा. ज्या वाक्यात आकडा येतो त्याच्या लगतच्या वाक्यात त्याचा अर्थ सांगावा, म्हणजे आकडा परिच्छेदात सुटा लोंबकळत राहत नाही.

सहावी पायरी: तपासणी

लिहून झाल्यावर मसुदा एक दिवस बाजूला ठेवावा आणि मग दोन गोष्टी कराव्यात. पहिली: परिच्छेदातील दुसऱ्या वाक्यापासूनची वाक्ये वेगवेगळ्या ओळींवर लिहून त्यांचा क्रम मुद्दाम बदलावा. क्रम बदलूनही परिच्छेद तितकाच नीट वाचता आला, तर वाक्ये शेजारी आहेत पण जोडलेली नाहीत असे समजावे. वर दिलेल्या पहिल्या मसुद्यात आर्थर रोडचे वाक्य आणि पालिकेचे वाक्य यांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडत नाही. चौथ्या पायरीतील परिच्छेदात मात्र “ही उणीव” हे वाक्य दुसऱ्या वाक्याच्या आधी ठेवले की ते लगेच अडते.

दुसरी तपासणी संपूर्ण प्रकरणासाठी आहे. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य एका कागदावर उतरवावे आणि सलग वाचावे. आपल्या उदाहरणात तीन वाक्ये मिळतील: उपायांचा रोख, लोकांचा विरोध, लोकसंख्येतील घट. पहिल्या वाक्यात ‘रोगी’ आणि दुसऱ्यात ‘सक्ती’ असेल, तर पहिल्या परिच्छेदातून दुसऱ्यात उतरणे सोपे होते, कारण रोग्यावर रोखलेला उपाय म्हणजे घरातल्या माणसाला घरातून उचलून नेणे, आणि विरोध पेटला तो तेथे. ही वाक्ये सलग वाचून युक्तिवाद कळत नसेल, तर दोष परिच्छेदांच्या क्रमात आहे, भाषेत नाही.

उरलेल्या टिपणांकडे परत

आता ‘उरलेली’ हे पान उघडा. टिपण २, म्हणजे डॉ. व्हिएगस यांचे निदान, प्रकरणाच्या प्रास्ताविकात जाईल. साथ कोठे आणि कशी उघडकीस आली हे तेथे सांगावेच लागते. टिपण ६ ची गोष्ट वेगळी आहे. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. हाही मुंबईत योजलेला उपायच होता, आणि त्याचा रोख घाणीवर नव्हता, गर्दीवर नव्हता आणि रोग्यावरही नव्हता. म्हणजे ज्या टिपणाला जागा सापडली नाही, ते आपल्या मुख्य वाक्याच्या विरोधात जाणारे आहे. अशा टिपणाला गटात जागा न मिळण्याचे कारण अनेकदा हेच असते, म्हणून उरलेली टिपणे मुख्य वाक्यांशी एकदा ताडून पाहिल्याखेरीज मसुदा पुरा झाला असे मानू नये.

येथे दोन मार्ग आहेत. लसीला परिच्छेदात अपवाद म्हणून आणता येईल, पण तिला न्याय द्यायचा तर दोन-तीन वाक्ये लागतील आणि धागा तुटेल. दुसरा मार्ग मला अधिक योग्य वाटतो: मुख्य वाक्यातील दावा आवरता घ्यावा आणि लसीला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. मग सुधारलेले वाक्य असे होते: “प्लेगच्या पहिल्या वर्षांत मुंबईत पालिकेने, आणि पुढे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, हाती घेतलेले उपाय रोगाच्या वाहकावर नव्हे, तर शहरातील घाण, गर्दी आणि खुद्द रोगी यांच्यावर रोखलेले होते.” लसीच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य मग यालाच जोडून सुरू करता येते: “या उपायांहून वेगळी वाट ग्रँट मेडिकल कॉलेजातील हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत निघत होती.”